धनायन विनिमय रेझीनची क्षमता: आम्ल बरोबर येते, वजन चुकते

बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत धनायन विनिमय रेझीनची क्षमता काढण्याचा प्रयोग हमखास असतो, आणि गोव्यातल्या प्रयोगशाळांत एकाच बाटलीतल्या रेझीनची उत्तरे ग्रॅममागे ३.१ पासून ६ मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत कुठेही आलेली मी इतकी वर्षे पाहत आलो आहे. अनुमापन सगळ्यांना येते. चुका होतात त्या अनुमापनाच्या आधी: रेझीन कोणत्या रूपात होते, ते किती धुतले, आणि सर्वांत जास्त म्हणजे त्याचे वजन केले तेव्हा त्यात पाणी किती होते, या तीन ठिकाणी. म्हणून या लेखात तीव्र आम्लधर्मी रेझीनचा, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या जाळ्यावर सल्फोनिक गट असलेल्या मण्यांचा, एकच प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतला आहे.

प्रयोगामागची गोष्ट एका ओळीत मावते. हायड्रोजन रूपातल्या रेझीनवरून सोडियम सल्फेटचे द्रावण हळूहळू सोडले की सोडियम रेझीनवर बसतो आणि तेवढ्याच प्रमाणात आम्ल खाली उतरते:

2 R-SO3H + Na2SO4 → 2 R-SO3Na + H2SO4

हे आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजायचे आणि रेझीनच्या कोरड्या वजनाने भागायचे. भागाकारातला वरचा आकडा सहसा चांगला येतो. खालचा आकडा पावसाळ्यात बिघडतो, आणि तो बिघडल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही.

१. आधीची तयारी

पाणी संपूर्ण प्रयोगात डीआयोनाइज्ड किंवा ऊर्ध्वपातित वापरावे आणि ते उकळून, झाकून थंड केलेले असावे. उकळल्याने दोन कामे होतात. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, त्यामुळे फिनॉल्फथॅलीनचा अंत्यबिंदू फसवत नाही, आणि विरघळलेली हवाही जाते, त्यामुळे कॉलममध्ये बुडबुडे धरत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत फ्रीजमधले गार पाणी घेऊन कॉलम भरला, तर प्रयोगशाळेच्या उष्णतेने त्या पाण्यातली हवा मण्यांमध्येच सुटते आणि मग कॉलम कितीही टकटक केला तरी हलत नाही.

पुढील द्रावणे आदल्या दिवशी करून ठेवावीत.

हायड्रोक्लोरिक आम्ल, अंदाजे २ मोलार: सुमारे ४०० मिली पाण्यात ८५ मिली तीव्र आम्ल ओतून ५०० मिली करावे. याची तीव्रता नेमकी असण्याची गरज नाही.

सोडियम सल्फेट, ०.२५ मोलार: निर्जल मीठ असेल तर एका लिटरला ३५.५ ग्रॅम, आणि दहा पाण्याचे स्फटिक असतील तर ८०.५ ग्रॅम. बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय वजन करू नये, कारण स्फटिकांचे ३५.५ ग्रॅम घेतल्यास द्रावण निम्म्याहून कमी तीव्रतेचे होते आणि रेझीनवरून आम्ल पूर्ण उतरण्याआधीच ठरलेले २५० मिली संपून जाते.

सोडियम हायड्रॉक्साइड, अंदाजे ०.१ मोलार: हे प्रयोगाच्या दिवशीच पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित करावे आणि त्या वेळीही दर्शक फिनॉल्फथॅलीनच असावा. मागच्या आठवड्यातल्या बाटलीवर लिहिलेला आकडा तसाच उचलू नये.

काही ठिकाणी सोडियम सल्फेटऐवजी सोडियम क्लोराइड वापरतात, आणि आम्ल त्यानेही उतरते. मी मात्र सल्फेटवरच ठाम आहे, आणि त्याचे कारण पुढे तिसऱ्या आणि सातव्या टप्प्यांत येईल: रेझीनमध्ये धुण्याचे आम्ल मागे राहिले असेल, तर खाली गळालेल्या द्रावणात क्लोराइडची परीक्षा घेता येते. क्लोराइडच ओतले असेल तर ती वाट बंद होते.

२. रेझीन स्वच्छ करून हायड्रोजन रूपात आणणे

बाटलीतले रेझीन बहुधा सोडियम रूपात आणि ओलसर असते. सुमारे २० मिली रेझीन बीकरमध्ये घेऊन पाण्यात ढवळावे, मणी खाली बसू द्यावेत आणि वरचे गढूळ पाणी बारीक चुऱ्यासकट ओतून टाकावे. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे. नव्या रेझीनमधून सुरुवातीला पिवळसर तपकिरी रंग सुटतो, त्यामुळे ते रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी फेकून दिलेले बरे.

सावधान: बाटली उघडी राहून रेझीन वाळलेले असेल, तर ते थेट शुद्ध पाण्यात टाकू नये. मणी एकदम फुगतात आणि तडकतात. आधी १० टक्के मिठाच्या पाण्यात तासभर भिजवावे आणि मग ते पाणी टप्प्याटप्प्याने पातळ करावे. वाळलेले रेझीन कॉलममध्ये भरून वरून पाणी सोडणे तर मुळीच करू नये, कारण फुगणाऱ्या मण्यांनी काचेची नळी फुटू शकते.

आता ५० मिलीच्या ब्युरेटच्या तळाशी काचलोकर बसवून त्यावर हे रेझीन पाण्यासकट ओतावे. हा तयारीचा मोठा कॉलम, मोजमापाचा नव्हे. त्यातून २ मोलार आम्लाचे २५० मिली, मिनिटाला ३ ते ४ मिली या वेगाने जाऊ द्यावे. २० मिली रेझीनमध्ये साधारण ४० मिलिइक्विव्हॅलंट जागा असतात आणि आपण ५०० मिलिइक्विव्हॅलंट आम्ल देतो. बीकरमध्ये आम्ल टाकून ढवळणे आणि कॉलममधून आम्ल सोडणे यांत फरक आहे. बीकरमध्ये सुटलेला सोडियम तिथेच राहतो आणि परत रेझीनवर बसू पाहतो, कॉलममध्ये तो पुढे वाहून जातो.

सावधान: हायड्रोक्लोरिक संपले म्हणून नायट्रिक आम्ल घेऊ नये. सेंद्रिय रेझीन आणि नायट्रिक आम्ल यांच्या अभिक्रियेने स्फोट झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

३. धुणे, आणि ते कधी पुरे झाले हे ओळखणे

सुरुवातीचे ५० मिली पाणी आम्लाच्याच संथ वेगाने सोडावे, कारण मण्यांच्या आत शिरलेले आम्ल बाहेर यायला वेळ लागतो. त्यानंतर वेग वाढवला तरी चालतो. रेझीनच्या आकारमानाच्या दहापट, म्हणजे २०० मिली पाणी बहुधा पुरते, पण हा आकडा पाहून थांबू नये, परीक्षा घेऊन थांबावे.

परीक्षा अशी: गळणाऱ्या पाण्याचे ५ मिली परीक्षानळीत घ्यावेत, दोन थेंब विरल नायट्रिक आम्ल आणि दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट घालावे, आणि तसेच केलेल्या शुद्ध पाण्याच्या नळीशेजारी ती काळ्या कागदासमोर धरावी. दोन्ही नळ्या सारख्याच स्वच्छ दिसल्या की धुणे झाले. लिटमस किंवा पीएच कागदावर अवलंबून राहू नये. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उघडे राहिलेले शुद्ध पाणीही पीएच ५.५ ते ६ दाखवते, त्यामुळे सातची वाट पाहणारा विद्यार्थी दुपारपर्यंत धूतच बसतो.

इथे जो निष्काळजीपणा होतो त्याची किंमत किती मोठी असते, ते हिशेबाने पाहावे. आपल्या मोजमापाच्या कॉलममध्ये सुमारे ५ मिली रेझीन असेल, आणि मण्यांमधल्या फटींचे आकारमान त्याच्या ३५ ते ४० टक्के, म्हणजे जवळपास २ मिली. त्या फटींत २ मोलार आम्ल न धुता राहिले, तर ते एकटेच ४ मिलिइक्विव्हॅलंट भरते. खऱ्या उत्तरात सगळे मिळून १० असतात.

बार्देशातल्या एका महाविद्यालयात मी बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो, तेव्हा ऊर्ध्वपातित पाणी संपलेले होते आणि मुले नळाच्या पाण्याने रेझीन धूत होती. दीड तास झाला तरी खालचे पाणी आम्लधर्मीच येत होते. प्रयोगशाळा सहायक म्हणाला, “सर, हे रेझीन खराब आहे, धुऊन संपतच नाही.” रेझीन खराब नव्हते, ते आपले काम चोख करत होते. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम ते पकडत होते आणि बदल्यात आम्ल सोडत होते. जेवढे जास्त धुवावे तेवढी क्षमता सांडपाण्यात चालली होती. किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीच्या पाण्याने तर हे आणखी वेगाने होते. तेव्हा धुणे संपतच नसेल, तर आधी धुण्याच्या पाण्याकडे पाहावे.

तपासणी: धुतलेले रेझीन रात्रभर पाण्यात ठेवले असेल, तर सकाळी पुन्हा ५० मिली पाणी सोडून परीक्षा घ्यावी. रात्रीतून थोडे आम्ल बाहेर आलेले असते.

४. वजन: या टप्प्याला घाई नको

अनेक प्रात्यक्षिक वह्यांत “हवेत वाळवलेले रेझीन ०.५ ग्रॅम घ्यावे” असे वाक्य असते. कोरड्या हवेच्या गावी ते चालून जात असेल. आपल्याकडे जुलैत वर्तमानपत्राचा कागद हवेत वाळत नाही, तिथे सल्फोनिक आम्लाचे मणी कसले वाळणार? ते हवेतले पाणी ओढून घेतात आणि त्या दिवशीच्या दमटपणाप्रमाणे कुठेतरी थांबतात. समजा कोरड्या ग्रॅमला ५.० क्षमतेचे रेझीन जानेवारीत २५ टक्के पाण्यावर थांबले, तर “हवेत वाळवलेल्या” ग्रॅमला ३.७५ उत्तर येईल. तेच जुलैत ३७ टक्क्यांवर थांबले, तर ३.१५. अनुमापन दोन्ही वेळा निर्दोष, रेझीन तेच, आणि उत्तरांत जवळपास सोळा टक्क्यांचा फरक.

यावर तोडगा म्हणजे रेझीन वाळवून कॉलममध्ये न घालता ओलेच घालणे, आणि त्याच ढिगातला दुसरा भाग वाळवून पाणी किती होते ते वेगळे काढणे. क्रम असा ठेवावा.

मोठ्या कॉलममधले रेझीन बुचनर फनेलवर ओतून हलक्या ओढीने मण्यांबाहेरचे पाणी काढावे. मणी एकमेकांना किंचित चिकटतात पण बोटाला पाणी लागत नाही, अशी स्थिती आली की थांबावे. फनेलवर ओला गाळण कागद झाकलेला असावा, नाहीतर पंप खोलीतली हवा रेझीनमधून ओढत राहतो आणि वरचा थर वाळतो, खालचा ओला राहतो. हे रेझीन लगेच झाकणाच्या बाटलीत घालून, बाटली उलटसुलट फिरवून एकजीव करावे.

आता एकामागोमाग एक, मध्ये चहाला न जाता, दोन वजने करावीत. पहिला भाग सुमारे २ ग्रॅम, आधीच वाळवून तोललेल्या वेइंग बॉटलमध्ये. दुसरा भाग सुमारे ४ ग्रॅम, बाटलीच्या वजनातल्या फरकाने तोलून, थोडे पाणी असलेल्या छोट्या बीकरमध्ये. तराजूच्या खोलीत एसी असेल तर अधिकच सांभाळावे. तिथली हवा कोरडी असते, आणि उघड्या वॉच ग्लासवरच्या ओल्या रेझीनचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत उतरत जातो. तो स्थिर होण्याची वाट पाहणे म्हणजे रेझीन वाळण्याची वाट पाहणे. झाकण लावूनच तोलावे.

पहिला भाग १०५ अंश सेल्सिअसला रात्रभर, सुमारे १८ तास ठेवावा, आणि झाकण लावून डेसिकेटरमध्ये थंड करावा. पावसाळ्यात डेसिकेटरमधला सिलिका जेल आधी पाहावा. निळ्याचा गुलाबी झालेला असेल तर तो डेसिकेटर नुसता काचेचा डबा आहे. वाळलेले हायड्रोजन रूपातले रेझीन अत्यंत आर्द्रताशोषक असते, म्हणून हेही झाकण न काढता तोलायचे. तापवल्याने ते काळपट होते, आणि हा भाग नंतर कॉलमसाठी वापरायचा नाही.

सावधान: वजन हायड्रोजन रूपात आल्यावरच करावे. सोडियम रूपातले रेझीन आधी तोलून मग कॉलममध्येच आम्ल दिले, तर कोरड्या वजनात प्रत्येक मिलिइक्विव्हॅलंटमागे सोडियम आणि हायड्रोजन यांच्यातला २२ मिलिग्रॅमचा फरक येतो, आणि ५.० चे ४.५ होतात. उत्तर विश्वास बसण्याजोगे दिसते, म्हणूनच ही चूक वहीत तशीच राहते.

५. मोजमापाचा कॉलम भरणे

सुमारे १ सेंटिमीटर व्यासाची, खाली कॉक असलेली नळी घ्यावी. काचलोकराची गोळी फार दाबून बसवू नये, नाहीतर वेग पुढे आपल्या हातात राहत नाही. नळी एकतृतीयांश पाण्याने भरून, बीकरमधले ४ ग्रॅम रेझीन वॉश बॉटलच्या धारेने तिच्यात ढकलावे. मणी पाण्यातून खाली पडत बसले पाहिजेत. बीकरच्या कडेला चिकटलेले मणीही धुऊन घ्यावेत, कारण वजन त्यांचेही झाले आहे. साधारण सहा-सात सेंटिमीटर उंचीचा थर तयार होतो.

पाण्याची पातळी थराच्या माथ्याखाली कधीही जाऊ देऊ नये. एकदा हवा शिरली की द्रावण बुडबुड्यांना वळसा घालून जाते, आणि त्यामागचे मणी कोरेच राहतात. गेलीच, तर लांब काचकांडीने थर पाण्यात सैल करून पुन्हा बसवावा. यात फक्त वेळ जातो, रेझीन जात नाही.

तपासणी: सल्फेट सोडण्याआधी कॉलममधून २० मिली पाणी जाऊ द्यावे आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटची परीक्षा पुन्हा एकदा करावी. ते स्वच्छ असेल तरच २५० मिलीचा प्रमाणित फ्लास्क कॉलमखाली ठेवावा.

६. सोडियम सल्फेट सोडणे

थरावरचे पाणी एक सेंटिमीटर उरेपर्यंत उतरवावे, आणि इथून पुढे पडणारा प्रत्येक थेंब फ्लास्कमध्येच जावा. वरून सेपरेटिंग फनेलने सल्फेटचे द्रावण सोडावे आणि कॉक असा ठेवावा की मिनिटाला साधारण २ ते २.५ मिली पडेल. वीस थेंबांचा एक मिली धरला, तर हे मिनिटाला चाळीस ते पन्नास थेंब होतात. पूर्ण २५० मिलीला पावणेदोन तास ते दोन तास लागतात. तीन तासांच्या प्रात्यक्षिकात एवढा वेळ मिळत नाही अशी तक्रार असते, आणि ती खरी आहे. त्यासाठी चौथ्या टप्प्यापर्यंतचे काम आदल्या दिवशी उरकावे. कॉक पूर्ण उघडून वेळ वाचवू नये. वेगाने सोडलेले द्रावण मण्यांच्या बाहेरून निघून जाते, आतला हायड्रोजन बाहेर येऊन अदलाबदल व्हायला त्याला सवडच मिळत नाही.

या २५० मिलीत १२५ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असतो, रेझीनवरच्या १० जागांसाठी बारापट. एवढा जादा सोडियम लागतो, कारण शेवटचे थोडे हायड्रोजन सहज निघत नाहीत.

फ्लास्क खुणेच्या जरासा खाली असताना काढून घ्यावा आणि पुढचे १० मिली शंकुपात्रात धरावेत. त्यात फिनॉल्फथॅलीनचा एक थेंब आणि सोडियम हायड्रॉक्साइडचा एकच थेंब घालावा. द्रावण गुलाबी होऊन तसेच राहिले, तर आम्ल उतरून संपले. रंग आला नाही, तर आणखी १०० मिली सल्फेट दुसऱ्या स्वच्छ फ्लास्कमध्ये जमा करावे, ते सगळेच्या सगळे अनुमापित करावे, तपासणीच्या १० मिलीचेही अनुमापन पुरे करावे, आणि ही दोन्ही आम्ले एकूणात मिळवावीत. ओतून टाकू नयेत.

७. फ्लास्क हलवणे आणि अनुमापन

फ्लास्क पाण्याने खुणेपर्यंत भरावा, बूच लावावे आणि निदान पंधरा वेळा उलटा करून हलवावा. हे वाक्य वाचून हसू येईल, पण एका परीक्षेत एका मुलीची तीन वाचने ६.२, ९.८ आणि १५.१ अशी आली होती आणि ती रडकुंडीला येऊन ब्युरेट बदलायला निघाली होती. ब्युरेट ठीक होती. या प्रयोगात आम्ल सगळे सुरुवातीच्या मिलींमध्ये उतरते आणि नंतर नुसते मीठ येते, त्यामुळे न हलवलेल्या फ्लास्कमध्ये आम्ल एकसारखे पसरलेले नसते आणि पिपेट कोणत्या खोलीवर बुडाली यावर वाचन ठरते. तिने फ्लास्क हलवला, आणि पुढची दोन वाचने जुळली.

पिपेटने ५० मिली घ्यावे, फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब घालावे आणि अर्धा मिनिट टिकणाऱ्या फिकट गुलाबीपर्यंत अनुमापन करावे. ०.१ मिलीच्या आत जुळणारी वाचने घ्यावीत. त्यानंतर कॉलममधून न गेलेल्या त्याच सोडियम सल्फेट द्रावणाच्या ५० मिलीचे कोरे वाचन घ्यावे. ते बहुधा एक-दोन थेंबांचेच असते, पण ते पाचपट होऊन उत्तरात शिरते. ते ०.३ मिलीच्या वर गेले, तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड आहे असे समजून नव्याने उकळलेल्या पाण्यात सल्फेटचे द्रावण पुन्हा करावे.

उरलेल्या द्रावणातून ५ मिली घेऊन सिल्व्हर नायट्रेटची परीक्षा करावी आणि न सोडलेल्या सल्फेटशी ताडून पाहावी. इथे स्पष्ट गढूळपणा आला, तर मोजलेल्या आम्लात धुण्याचे हायड्रोक्लोरिकही आहे, आणि तो आकडा वापरण्यात अर्थ नाही.

८. एक हिशेब पूर्ण करून

थॅलेटचे ०.५०२४ ग्रॅम, भागिले २०४.२२, म्हणजे २.४६० मिलिमोल. त्याला सोडियम हायड्रॉक्साइड २५.०० मिली लागले. तीव्रता ०.०९८४ मोलार.

पाणी काढण्यासाठीचा भाग: ओला २.१२०० ग्रॅम, वाळवून १.०३८८ ग्रॅम. कोरड्याचे प्रमाण ०.४९००, म्हणजे ओल्या रेझीनमध्ये ५१ टक्के पाणी.

कॉलममधला भाग: ओला ४.०८५० ग्रॅम. त्यातले कोरडे रेझीन ४.०८५० × ०.४९०० = २.००१७ ग्रॅम.

अनुमापन: ५० मिलीला २०.४५, २०.४०, २०.४०. जुळलेले वाचन २०.४०, कोरे वाचन ०.१०, निव्वळ २०.३० मिली.

५० मिलीतले आम्ल २०.३० × ०.०९८४ = १.९९७५ मिलिइक्विव्हॅलंट. २५० मिलीत त्याच्या पाचपट, ९.९९.

क्षमता = ९.९९ ÷ २.००१७ = ४.९९ मिलिइक्विव्हॅलंट प्रति कोरडा ग्रॅम, हायड्रोजन रूपात.

हेच आम्ल ओल्या वजनाने भागले तर २.४५ येते. दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र “कोरडा ग्रॅम, हायड्रोजन रूप” हे शब्द सोडून नुसते ४.९९ लिहिले, तर वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. उद्योगात क्षमता लिटरमागे सांगतात. त्यासाठी सल्फेट सोडण्याआधी, पाण्यात टकटक करून बसवलेल्या रेझीनचे आकारमान मोजावे लागते. इथे ते ५.३ मिली होते, म्हणून लिटरला १.८८ इक्विव्हॅलंट. प्रयोगानंतर मोजू नये, कारण सोडियम रूपात रेझीन आक्रसते. पाच मिलीच्या थरात ०.२ मिलीची वाचनचूकही चार टक्के होते, म्हणून लिटरमागचा आकडा हवाच असेल, तर तो २५ मिली रेझीन घेऊन स्वतंत्र काढावा.

९. उत्तर पाहून चूक ओळखणे

प्रत्येक स्टायरीन वलयावर एकच सल्फोनिक गट आहे असे धरले, तर एका घटकाचे रेणुभार १८४.२ आणि क्षमतेची कमाल मर्यादा १००० ÷ १८४.२ = ५.४३ येते. जाळे बांधणाऱ्या डायव्हिनिलबेंझीनमुळे प्रत्यक्षातले नेहमीचे रेझीन ५ च्या आसपास राहते. त्यामुळे ६ उत्तर आले तर आनंद मानू नये. धुणे अपुरे राहिले आहे, किंवा कॉलमचा भाग तोलण्याआधी सुकला आहे. ४.५ च्या आसपास आले, तर वजन सोडियम रूपात झाले का ते पाहावे. ३ ते ४ च्या दरम्यान आणि ऋतूप्रमाणे बदलते आले, तर पाण्याचे प्रमाण काढलेलेच नाही. सगळे नीट असूनही उत्तर कमी आले, तर तपासणीचे १० मिली खरेच पाहिले होते का, हे स्वतःला विचारावे.

उत्तर शून्याजवळ आले, तर बाटलीवरचे नाव पुन्हा वाचावे. कार्बॉक्सिलिक गटांचे मंद आम्लधर्मी रेझीन सोडियम सल्फेटसारख्या उदासीन मिठातून जवळपास काहीच आम्ल सोडत नाही. त्याच्यासाठी ठरावीक जादा सोडियम हायड्रॉक्साइड देऊन उरलेले मोजण्याची दुसरी रीत आहे, आणि या लेखातला कॉलम तिथे कामाचा नाही.

वापरलेले रेझीन तपासायला येते, तेव्हा वेगळीच अडचण असते. आपल्याकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी लोह घेऊन येते, आणि हॉटेलांच्या सॉफ्टनरमधले रेझीन काही वर्षांत गडद तपकिरी होते. त्यावर २ मोलार आम्लाचे २५० मिली सोडले की खाली पिवळे द्रावण उतरते. तो पिवळा रंग थांबेपर्यंत आणि थायोसायनेटच्या थेंबाने लाली येणे बंद होईपर्यंत आम्ल सोडत राहावे, मगच धुण्याकडे वळावे. असे केल्यावर मिळणारी क्षमता ही स्वच्छ केलेल्या रेझीनची असते. सॉफ्टनरमध्ये ते नुसत्या मिठाच्या पाण्याने पुनरुज्जीवित होते आणि लोह तसेच राहते, त्यामुळे मालकाला प्रत्यक्ष मिळणारे मऊ पाणी या आकड्यापेक्षा कमी भरते. अहवालात आम्ल किती मिली दिले आणि किती वेळ दिले, हे क्षमतेच्या शेजारीच लिहावे.